मीटिंगमध्ये अपमान केलेल्या सहकाऱ्याला माफीचं पत्र: काय लिहायचं, काय गाळायचं

प्रश्न: मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात प्लँट मॅनेजर आहे, वय ४४. बारा दिवसांपूर्वी सोमवारच्या आढावा मीटिंगमध्ये स्टॉक जुळत नव्हता म्हणून स्टोअर बघणाऱ्या अण्णांवर (वय ५३, सगळे त्यांना अण्णाच म्हणतात) मी अकरा जणांसमोर ओरडलो. "तुला एक्सेलमध्ये साधा व्ही-लुकअप लावता येत नाही? माझी सहावीतली पोरगी लावते. पगार कशाचा घेतोस?" असं बोललो. काही जण हसले. नंतर कळलं की ४५० नग प्लेटिंगसाठी बाहेर गेले होते आणि ते पाठवल्याचं चलन आमच्याच प्लॅनिंगने सिस्टिममध्ये टाकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पॅसेजमध्ये मी "सॉरी अण्णा, मनावर घेऊ नका" म्हणालो. ते "काही नाही साहेब" म्हणाले. तेव्हापासून ते कँटीनला येत नाहीत, मीटिंगला ज्युनिअरला पाठवतात, आणि काल त्यांनी बदलीचा अर्ज दिला. मला पत्र लिहायचंय. मसुदा सोबत देतोय. यात काय चुकतंय?

उत्तर:

मसुद्यातलं एक वाक्य आधी खोडा: "तुम्हाला किती लाज वाटली असेल याची मला पूर्ण जाणीव आहे." तुम्ही ते कळकळीने लिहिलंय हे दिसतं. पण अण्णा गेले बारा दिवस जी गोष्ट सगळ्यांपासून लपवताहेत, नेमकं तिच्यावरच हे वाक्य बोट ठेवतं. ज्याच्यामुळे लाज वाटली त्याच माणसाने "मला तुमची लाज दिसली" असं लिहून देणं म्हणजे त्यांच्यासाठी पुन्हा एकदा पाहिलं जाणं आहे.

मी २३ वर्षं पिंपरी, भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत मनुष्यबळ विभागात काम केलं, आता अशा प्रकरणांत मध्यस्थ म्हणून बसते. माझ्यासमोर आलेली बरीच माफीपत्रं याच जागी घसरली आहेत. लिहिणारा अपराधीपणातून लिहितो आणि वाचणारा लाजेतून वाचतो, पण आपण दोघं एकाच भावनेबद्दल बोलतोय असं लिहिणाऱ्याला वाटत असतं. अमेरिकन मनोविश्लेषक हेलन ब्लॉक लुईस यांनी १९७१ मध्ये या दोन भावनांमधला फरक मांडला. अपराधीपणात माणसाचं लक्ष आपण काय केलं याच्याकडे असतं, लाजेत आपण कसले आहोत याच्याकडे. तुम्हाला आज टोचतंय ते "मी वाईट बोललो" हे. बोललेलं सुधारता येतं, म्हणून तुम्हाला भेटावंसं, लिहावंसं, मोकळं व्हावंसं वाटतंय. अण्णांना टोचतंय ते "मी सगळ्यांना असा दिसलो" हे. यात त्यांनी केलेलं असं काहीच नाही, त्यामुळे सुधारायलाही काही नाही. मग उरतं ते दिसेनासं होणं.

आपल्या बोलण्यातही हे आहे. धरणीने पोटात घ्यावं असं झालं, तोंड दाखवायला जागा राहिली नाही, चारचौघांत पाणउतारा झाला, असं आपण म्हणतो. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी बघतंय. कँटीन, मीटिंग आणि हा प्लँट, अण्णांनी टाळलेल्या किंवा सोडू पाहिलेल्या तिन्ही जागा त्याच अकरा जणांच्या नजरेतल्या आहेत. त्यात दोघं ट्रेनी असे, ज्यांना स्टोअरचं काम त्यांनीच शिकवलं, असं तुम्ही मसुद्यात लिहिलंय. ज्यांना शिकवलं त्यांच्यासमोर सहावीतल्या मुलीशी तुलना झाली. सगळ्यात खोल घाव तिथे आहे, असा माझा अंदाज आहे.

बारा दिवसांत हे ओसरायला हवं होतं, असा तुमच्या मसुद्याचा सूर आहे. माणसांवर ताण आणून शरीरातलं कॉर्टिसोल मोजणाऱ्या २०८ प्रयोगांचा एकत्रित आढावा सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ मध्ये घेतला. काम नुसतं अवघड असेल तर हे संप्रेरक फारसं वाढत नव्हतं. दुसरे आपलं मोजमाप करताहेत आणि परिस्थिती आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ते सर्वांत जास्त वाढत होतं आणि उतरायलाही सर्वांत जास्त वेळ लागत होता. हे प्रयोग अनोळखी लोकांपुढे काही मिनिटांसाठी केलेले. अण्णांना मात्र रोज त्याच माणसांत यायचंय, आणि त्यांची वर्षाची रेटिंग देणारा हात तुमचा आहे.

आता पॅसेजमधल्या "सॉरी"बद्दल. "मनावर घेऊ नका" या शब्दांत काम अण्णांवर पडतं: जे झालं ते तुम्हीच तुमच्या मनातून काढा. त्यावर ते "काही नाही साहेब" म्हणाले, आणि तुम्ही ते मिटल्याची खूण समजलात. लाज वाटलेला माणूस सगळ्यात आधी "काही नाही" असंच म्हणतो, कारण "हो, मला लागलं" म्हणणं म्हणजे आणखी उघडं पडणं. त्यामुळे त्या उत्तराला माफी समजू नका, आणि नव्या पत्रात "आपलं त्या दिवशी बोलणं झालंच आहे" असा उल्लेखही करू नका.

मसुद्यात आणखी तीन जागा आहेत.

"त्या आठवड्यात कस्टमर ऑडिटचं प्रचंड टेन्शन होतं." हे खरं असेल, तरी काढा. कारण सांगितलं की समोरच्याने ते समजून घ्यायचं असतं, आणि वरिष्ठाचं कारण हाताखालच्या माणसाला समजून घ्यावंच लागतं. अण्णांनी पुढे कधी स्वतःहून विचारलं, तर तेव्हा सांगा.

"माझ्याकडून जे काही घडलं त्याबद्दल मी दिलगीर आहे." "जे काही" म्हणजे तुम्हाला नाव घ्यायचं नाहीये. "घडलं" म्हणजे करणारा कोणी नाहीच. आणि "दिलगीर" हा शब्द आपल्याकडे नोटिशींमधून आणि गाडी उशिरा आल्याच्या घोषणांमधून इतका वापरला गेलाय की त्यात माणूस उरलेला नाही. "मी बोललो", "मी थांबलो नाही" अशी साधी कर्तरी वाक्यं लिहा.

"मोठ्या मनाने मला माफ करा." हेही काढा. ओहायो राज्य विद्यापीठातले रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये माफीचे सहा भाग वेगळे करून लोकांना कोणता भाग किती पटतो ते तपासलं. चूक माझी आहे हे कबूल करणं सर्वांत वजनदार ठरलं, त्याखालोखाल भरपाईची तयारी. सर्वांत कमी वजनाची ठरली ती क्षमेची विनंती. तुमच्या बाबतीत ती नुसती हलकी नाही, ओझं आहे. ज्याला तुम्हाला नाही म्हणायची सोय नाही त्याच्याकडे तुम्ही "हो" मागताय. मराठीत यावर सोपी वाट आहे. "माफ करा" यात क्रिया त्यांची, "मी माफी मागतो" यात क्रिया तुमची. दुसरं लिहा आणि तिथेच थांबा.

आता एक गोष्ट, जी मसुद्यात नाही आणि यायलाच हवी. एरवी तुम्ही अण्णांना "अहो अण्णा" म्हणत असणार. त्या दिवशी "तुला", "घेतोस" असं बोललात. व्ही-लुकअप त्या खोलीतले अर्धे लोक विसरले असतील, पण तुम्हीवरून तूवर येणं प्रत्येकाच्या कानाने टिपलं असणार. तुमच्याहून नऊ वर्षांनी मोठ्या माणसाला तुम्ही एका सर्वनामात पायरीवरून खाली उतरवलंत. ते पत्रात नावानिशी यायला हवं. बाकीचे शब्द मात्र जसेच्या तसे पुन्हा लिहू नका. पत्र अण्णांच्या घरी जाईल, कदाचित कपाटात राहील, पत्नी किंवा मुलं वाचतील. तेव्हा त्या कागदावर "पगार कशाचा घेतोस" हे शब्द तुमच्या सहीवर पुन्हा उभे राहायला नकोत. काय बोललात ते ओळखू येईल इतकं सांगा, अवतरणचिन्हांत देऊ नका.

आणि त्यांचं गप्प बसणं. अपमान झालेली माणसं माझ्यासमोर बसतात तेव्हा बोलणाऱ्याबद्दल कमी बोलतात आणि स्वतःबद्दल जास्त. "मी तेव्हा काहीच का बोललो नाही" हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलंय तितकं दुसरं कुठलंही नाही. रात्री पडल्यापडल्या ती मीटिंग पुन्हा सुरू होते आणि दरवेळी त्यांना वेगळं उत्तर सुचतं. अण्णांकडे तर खरं उत्तर होतंच: तुम्ही लिहिलंय की ४५० नग गेल्याची नोंद त्यांच्या हातच्या रजिस्टरमध्ये तारखेसह सापडली. मग ते का बोलले नाहीत? कारण त्या खोलीत बोलण्याची किंमत तुम्ही ठरवत होतात. हे तुम्ही लिहून दिलंत तर त्यांच्या छातीवरचा एक दगड तरी हलेल. लाज समजली हे दाखवायची माझ्या मते हीच खरी जागा आहे, आणि तिथे "लाज" हा शब्द लागतच नाही.

या सगळ्यावरून आणि मसुद्यातल्या बाकीच्या तपशिलांवरून मी पत्र असं लिहीन. तुमच्या तपशिलांप्रमाणे बदला, पण लांबवू नका.

अण्णा,

त्या सोमवारी आढावा मीटिंगमध्ये मी तुमच्याशी जसा बोललो, त्याबद्दल हे पत्र आहे. मी तुमच्या पगाराबद्दल बोललो, तुमची तुलना माझ्या शाळकरी मुलीशी केली आणि तुम्हाला एकेरीत बोललो. आकडा का जुळत नाही हे विचारायचं माझं काम होतं. मी ते विचारलंच नाही. मी तुम्हाला कमी लेखलं, आणि तेही तुम्ही शिकवलेल्या मुलांसमोर.

तुम्ही कागद मिटून खाली बसलात तेव्हा मी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. काही जण हसले, त्यांना तिथेच गप्प करणं माझं काम होतं. तेही मी केलं नाही.

तुम्ही उत्तर दिलं नाहीत. उत्तर तुमच्या रजिस्टरमध्ये होतं, ते मी नंतर पाहिलं. पण मीटिंग मी चालवतो, रेटिंग मी देतो, आणि मी आवाज चढवलेला होता. तुम्हाला बोलता येईल अशी जागा मी ठेवलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी पॅसेजमध्ये मी जे म्हणालो त्यातही मी तुमच्यावरच ढकललं. ती माफी नव्हती.

मीटिंगच्या इतिवृत्तात "स्टोअर्सने खुलासा द्यावा" असं लिहिलं होतं. ते मी काढलं आहे. ४५० नगांचं जॉब वर्कचं चलन प्लॅनिंगकडून टाकायचं राहिलं होतं आणि स्टोअरची नोंद बरोबर होती, असं आता त्यात आहे. सुधारलेलं इतिवृत्त सगळ्यांना गेलं आहे.

तुमचा बदलीचा अर्ज मी अडवलेला नाही. जायचं ठरवलंत तर तुमच्या कामाबद्दल जे खरं आहे तेच मी लिहीन, आणि ते चांगलं आहे. राहायचं ठरवलंत तर कोणी कारण विचारणार नाही.

मी जे सगळ्यांसमोर केलं ते सगळ्यांसमोरच कबूल करायची माझी तयारी आहे. काय बोलणार ते मागच्या बाजूला लिहिलं आहे. त्यात काही बदलायचं असेल, किंवा ते नकोच असेल, तर तसंच होईल. सांगायला माझ्याकडे यायची गरज नाही, मनुष्यबळ विभागात निरोप दिलात तरी पुरे.

या पत्राला उत्तर द्यायचं बंधन नाही.

मी तुमची माफी मागतो.

(सही)

पत्रातल्या इतिवृत्ताच्या ओळीबद्दल थोडं. भरपाई म्हटलं की मॅनेजर मिठाईचा बॉक्स, जेवण, नाहीतर "महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी" याकडे वळतात. अण्णांचं नुकसान झालं ते त्यांच्याबद्दल अकरा डोक्यांत बसलेल्या एका चित्राचं, आणि त्या चित्राला कागदावरचा आधार इतिवृत्तातल्या त्या ओळीचा होता. म्हणून ती ओळ आधी दुरुस्त करा, मेल पाठवा आणि मगच पत्रात "काढलं आहे" असं लिहा. "काढेन" लिहू नका. ही दुरुस्ती चलनाबद्दलची आहे, अण्णांच्या अपमानाबद्दल त्यात अवाक्षर नाही, म्हणून तिला त्यांची परवानगी लागत नाही.

समजा चूक खरोखर स्टोअरची असती, तर? पत्रातला तो परिच्छेद आणि रजिस्टरचं वाक्य गेलं असतं, बाकी एक अक्षरही बदललं नसतं. हे मुद्दाम सांगते, कारण तुमच्या प्रश्नात मला एक धोका दिसतो. ४५० नगांचा हिशोब लागल्यामुळे तुम्हाला जास्त वाईट वाटतंय. अण्णा निर्दोष निघाले म्हणून माफी, असं पत्रातून वाचलं गेलं, तर पुढच्या वेळी खरंच चुकलेल्या माणसावर असं बोलायची मुभा तुम्ही स्वतःकडे ठेवताय. म्हणूनच पत्रात बोलण्याची कबुली आधी आहे आणि आकडा नंतर.

पत्र द्यायचं कसं? मेल नको. मी भोसरीला असताना एका विभागप्रमुखाने अपमान केलेल्या सहकारी बाईंना माफीची मेल पाठवली आणि प्रामाणिकपणा दिसावा म्हणून सगळ्या विभागाला प्रत दिली. मीटिंगला जे नव्हते त्यांनाही त्या मेलमुळे सगळं कळलं. त्या बाई दोन महिन्यांत नोकरी सोडून गेल्या. जाताना माझ्याशी बोलल्या तेव्हा मीटिंगबद्दल त्यांनी दोन वाक्यं सांगितली आणि मेलबद्दल अर्धा तास. तेव्हापासून मी माफी आणि जाहीर कबुली कधी एकत्र होऊ देत नाही. माफी ज्याची त्याला, एकट्याला. जाहीर कबुली नंतर, त्याच्या संमतीने.

साध्या कागदावर, कंपनीच्या लेटरहेडवर नाही, मराठीत, शक्यतो हाताने लिहा. बंद पाकीट करा आणि स्वतः द्या, पण केबिनमध्ये बोलावून नाही. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं की काचेतून सगळे बघतात. शिफ्ट संपताना स्टोअरच्या काउंटरवर गर्दी नसेल तेव्हा जा, "अण्णा, हे घरी जाऊन वाचा" एवढं म्हणा आणि निघा. वाचेपर्यंत समोर उभे राहिलात तर त्यांना चेहरा सांभाळावा लागेल, आणि गेले बारा दिवस ते तेवढंच करताहेत. स्वतः डोळ्यांत पाणी आणणं, "मला झोप लागत नाही" सांगणं, हेही तिथे करू नका. तसं झालं की तेच तुमची समजूत काढायला लागतात. ते बायकोशी, मित्राशी, माझ्यासारख्या कोणाशी बोला, तिथे जरूर बोला.

मीटिंगमध्ये बोलायचं ते असं: "दोन आठवड्यांपूर्वी इथे मी अण्णांशी ज्या भाषेत बोललो ती चुकीची होती, मी त्यांची माफी मागितली आहे. स्टॉकमधला फरक चलन राहिल्यामुळे आला होता, स्टोअरची नोंद बरोबर होती. इथे कोणाशीही असं बोललं जाणार नाही, आणि मी बोललो तर मला तिथेच थांबवा." मग थेट पहिला विषय घ्या. अण्णांकडे बघून थांबू नका, त्यांना बोलायला सांगू नका, हात मिळवायला जाऊ नका, टाळ्यांना वाव देऊ नका. बोलणं अर्ध्या मिनिटात संपायला हवं, कारण तेवढा वेळ सगळ्या नजरा पुन्हा त्यांच्याकडे वळणार आहेत. त्या दिवशी मीटिंगला यायचं की नाही हेही त्यांच्यावर सोडा. ते नसताना तुम्ही बोललात तरी ते अकरा जणांपर्यंत पोहोचतं.

ते "नकोच" म्हणाले तर नको. तेव्हा पहिली दोन वाक्यं गाळून फक्त तिसरं, कोणाचंही नाव न घेता बोलता येईल.

हसलेल्यांचं काय? त्यांना रांगेने अण्णांकडे माफी मागायला पाठवू नका. त्या दोघा ट्रेनींना वेगवेगळं बोलावून एवढंच सांगा की त्या दिवशी हसू आलं ते माझ्यामुळे, पण पुन्हा येऊ देऊ नका. तरुण मुलं साहेबाच्या बाजूने हसतात ती बऱ्याचदा भीतीने हसतात. त्यांच्यातला एखादा स्वतःहून स्टोअरमध्ये जाईल. गेला तर जाऊ द्या.

पुढचे काही आठवडे तुम्हाला उत्तराची ओढ लागेल. अण्णा कदाचित पत्राचा विषय कधीच काढणार नाहीत. त्यांच्या "हो साहेब"वरून अंदाज बांधू नका, ते तर आजही म्हणताहेत. कामाच्या बोलण्याकडे लक्ष द्या. ज्युनिअरऐवजी ते स्वतः मीटिंगला आले आणि दाराजवळ बसले, तरी ते येणं आहे. तुमच्या एखाद्या सूचनेवर "असं जमणार नाही साहेब, जागा नाही" असं म्हणाले, तर समजा की ती खोली त्यांना पुन्हा थोडी सुरक्षित वाटू लागली आहे. मी याहून भरवशाची खूण पाहिलेली नाही. त्या क्षणी तुमचा चेहरा कसा होतो हे ते बघणार आहेत. उलट, तुम्ही प्रत्येक मीटिंगमध्ये त्यांची वारेमाप स्तुती करायला लागलात तर ते आणखी मिटतील. स्तुतीही सगळ्यांसमोरच होते, आणि ती कशाची भरपाई आहे हे सगळ्यांना कळतं.

आणि ते बदली घेऊन गेले, तर जाऊ द्या. पत्र त्यांना थांबवण्यासाठी लिहिलं असेल तर वाचताना ते त्यांना कळेल.

एक मर्यादा स्पष्ट सांगते. तुमच्या बोलण्यात जातीचा उल्लेख असता, तर प्रकरण माफीपत्राच्या पलीकडचं झालं असतं. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला इतरांच्या देखत अपमानित करणं १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. समोर स्त्री असती आणि बोलणं लैंगिक रोखाचं असतं, तर ते कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे कंपनीच्या अंतर्गत समितीकडे जाणारं आहे. तिथे पत्र देऊन तक्रार टाळायचा प्रयत्न करणं हा दुसरा अन्याय होतो. वाचणाऱ्यांपैकी कोणाचं प्रकरण असं असेल तर हे पत्र वापरू नका.

राहिला व्ही-लुकअप. अण्णांना एक्सेल अडतं हे खरं असू शकतं, आणि तुम्हाला ते सोडवायचंही असेल. आत्ता ट्रेनिंगला नाव पाठवलंत तर ती शिक्षा वाटेल. निदान एक महिना थांबा. त्या महिन्यात आढाव्याची पद्धत बदला: जॉब वर्कला गेलेल्या मालासाठी स्टॉकच्या तक्त्यात एक वेगळा रकाना करा, आणि दर सोमवारी आकडे वाचताना अण्णांचं रजिस्टर सिस्टिमच्या शेजारी टेबलावर ठेवा. फरक निघाला की आधी चलनं तपासा. महिन्यानंतर त्यांना काउंटरवर जाऊन विचारा, या तक्त्यात तुम्हाला कुठे त्रास होतो. ते काय मागतात ते ऐका, आणि ते मागतील तेवढंच करून द्या.